थर्मामीटरचा आवाज

मोठ्या भावाला घशाचा कॅन्सर झाला, तेव्हा तो उपचारांसाठी पाथर्डीहून नगरला आमच्या घरी राहायला आला. वहिनीही आल्या. रेडिएशन रोजचं आणि दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचं सलाईन, असे एकूण तीन डोस ठरले होते. हे औषध किडनीला आणि कानांना त्रास देऊ शकतं, म्हणून प्रत्येक डोसाआधी रक्ताबरोबर कानांचीही तपासणी व्हायची. गेलेलं ऐकणं परत येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

भाऊ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. पान्याचं एक टोक मोटारीला आणि दुसरं कानाला लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. तरीही त्याला कानांची फिकीर नव्हती. त्याला हवे होते ते तिन्ही डोस.

दुसऱ्या डोसानंतर आम्ही रोज संध्याकाळी त्याचा ताप मोजत होतो, कारण पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा तापही अंगावर येतो. एके दिवशी काखेतला थर्मामीटर वाजून थांबला. मला तो स्वयंपाकघरात ऐकू आला. भाऊ तसाच दंड दाबून बसलेला.

"दादा, वाजला की."

"कधी?" त्याने काढून पाहिला. "लई हळू वाजतंय तुझं यंत्र. सेल बदल."

मी सेल बदलला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या कानात रातकिडे वरडत्यात म्हणं. मला सांगितलं, पण तुमाला सांगू नको म्हणले."

तिसऱ्या डोसाआधीची तपासणी दोन दिवसांवर होती. हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसायचं आणि बारीकसा जरी सूर ऐकू आला तरी बटण दाबायचं. त्या दिवशी तपासणी झाल्यावर ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आलेख हातात दिला. मी तो पहिल्या आलेखाशेजारी धरला. चार हजार हर्ट्झला पहिल्यांदा पंचवीस डेसिबल होते, आता वीस; आकडा जितका कमी तितका कान चांगला. म्हणजे ज्या औषधाने वरच्या पट्टीचं ऐकणं आधी जातं, त्याच औषधाने याचं सुधारलं होतं. पाचाचा फरक मोजण्यातला असू शकतो, हे मला माहीत होतं. पण ज्याला असं ऐकू येतं त्याला स्वतःच्या काखेत वाजणारा थर्मामीटर ऐकू न यावा?

मी त्याला बाहेर बाकावर बसवलं.

"खरं सांग, बटण कसं दाबलंस?"

तो हसला. "काचंत बाई दिसत्यात. सूर सोडला की त्यांचा खांदा हालतो. मोटारीपेक्षा सोपं हाय."

"दादा, ही काय वार्षिक परीक्षा आहे?"

"नापास झालो तर औषध बंद करत्याल. मग गाठ राहिली तर? बहिरा चालंल मला. मेलेला चालंल का तुझ्या वहिनीला?"

वहिनी पदराने चष्मा पुसत होत्या. "मला इचारून बहिरे व्हताय व्हय?" एवढंच म्हणाल्या.

तो नको नको म्हणत असताना मी आत गेलो आणि बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मधे दोनदा मी सूर दिलाच नव्हता, तरी काकांनी बटण दाबलं. तेव्हाच शंका यायला हवी होती," असं म्हणून त्यांनी दादाची खुर्ची भिंतीकडे वळवली. फेरतपासणीत चार हजारला पंचेचाळीस आले आणि आठ हजारला पासष्ट. पहिल्यांदा तिथे तीस होते.

डॉक्टरांनी दोन्ही आलेख पाहिले. बोलणं बहुतेक खालच्या पट्टीत असतं, म्हणून ते अजून नीट ऐकू येतंय. पण याच औषधाचा आणखी एक पूर्ण डोस दिला तर घसरण तिथवर येऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. भावाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"म्हंजे बंद?"

"बंद कोण म्हणालं? तिसऱ्या वेळी कार्बोप्लॅटिन देऊ. कानांना त्याचा त्रास कमी. रेडिएशन ठरल्याप्रमाणे पूर्ण करायचं. पण काका, तुम्ही खोटं ऐकलंत तर मी औषध कशावरून ठरवू?"

फाईलच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईने लिहिलं की ताप आला तर जेन्टामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं शक्यतो टाळावीत, कारण तीही कानांवर जातात. उपचार संपल्यावरही काही महिने तपासणी चालू ठेवायची होती. नुकसान उशिराही वाढू शकतं.

तिसरा डोस झाला. पुढच्या तपासण्यांत आकडे तिथेच राहिले. खाली आले नाहीत आणि वरही गेले नाहीत. स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही. भाऊ पाथर्डीला परतला. पान्याने मोटारीची घरघर त्याला अजून कळते, बारीक शीळ मात्र कळत नाही. त्यासाठी तो वहिनींना हाक मारतो. त्या पान्याला कान लावून सांगतात, आणि तो पुन्हा एकदा विचारून घेतो.