नाना सोमवारी वारले, मंगळवारी चहा प्यायले

गायकवाड सरांनी पत्र माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "तुमच्या नानांना श्रद्धांजली आलीय."

पत्र सदाशिव पेठेतून आलं होतं, निळ्या शाईत. "महोदय, आपल्या वाहिनीवर नाना सोमवारी वारले. मंगळवारी त्यांनी चहा घेतला आणि मुलीच्या स्थळाची चौकशी केली. बुधवारी त्यांचं तेरावं झालं. आपल्याकडे मालिका कोणी बघतं का, की फक्त दाखवतात?" खाली भागांचा योग्य क्रम लिहिला होता आणि सही होती, श्रीमती लिमये. त्याखाली एक ओळ: "ही मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा मुलीच्या बाळंतपणामुळे शेवटचे भाग हुकले. दागिने कोणी चोरले हे मला तीस वर्षं माहीत नाही. कृपया आता घोळ घालू नये."

मी कोथरूडच्या एका छोट्या मराठी वाहिनीत शेड्युलिंग बघते. कुठला कार्यक्रम किती वाजता लागणार, याचा तक्ता मी करते. त्या तक्त्यावर सही माझी होती, त्यामुळे पत्र वाचताना कान गरम झाले.

"एक पत्र आलंय. दुपारी तीनला बघतंय कोण?" सर म्हणाले.

"लिमयेबाई बघतायत ना."

"एकोणीस भाग गेले, सात राहिलेत. जाऊ दे."

मी काही जाऊ दिलं नाही. खाली टेप लायब्ररीत शेखभाईंकडे गेले. जुन्या मालिका कॅसेटवर असतात. त्या मशीनवर चालवून काँप्युटरमध्ये फाइल करून घेतात. फाइलला आम्ही कॅसेटच्या डब्यावरचा नंबर देतो. तेराव्या भागापर्यंत डब्यांचे नंबर आणि लिमयेबाईंचा क्रम तंतोतंत जुळत होते. गडबड चौदाव्यापासून होती.

"डब्यावर आवक नंबर असतो, मॅडम," शेखभाई म्हणाले. "निर्माता जशी कॅसेट आणून देईल तसा टाकायचा. नट दौऱ्यावर गेला की पुढचा भाग आधी शूट व्हायचा आणि आधी यायचा."

"मग खरा भाग क्रमांक कुठे असतो?"

"आत, स्लेटवर."

स्लेट म्हणजे कॅसेटच्या सुरुवातीला, रंगीत पट्ट्यांनंतर दिसणारी पाटी. मालिकेचं नाव, भाग क्रमांक, लांबी. प्रेक्षकांना ती दाखवायची नसते, म्हणून फाइल करताना आम्ही ती कापतो. शिवाय अर्ध्या तासात जाहिराती बसवायला 'मागील भागात' हा तुकडाही कापतो. म्हणजे क्रम सांगणाऱ्या दोन्ही गोष्टी आम्हीच नीट, शिस्तीत काढून टाकल्या होत्या.

त्या दिवशी तीन वाजता डबा क्रमांक वीस लागणार होता. शेखभाईंनी ती कॅसेट मशीनमध्ये घातली. पट्ट्या गेल्या, पाटी आली. भाग २६. शेवटचा.

अजून तीन तासांत लिमयेबाईंना चोर कळणार होता, तोही सहा भाग आधी.

मी जिना चढत सरांकडे धावले. "सर, आज आपण शेवट दाखवतोय."

सर पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले. "बदला!"

मास्टर कंट्रोलला, म्हणजे जिथून प्रक्षेपण सुटतं तिथे, मी सुधारित प्लेलिस्ट पाठवली. तीनला तेरावा भाग पुन्हा आणि खाली धावती पट्टी: 'भागांचा क्रम चुकला. उद्यापासून चौदावा भाग व पुढील भाग योग्य क्रमाने.' सरांना 'तांत्रिक कारणामुळे' हवं होतं. मी ऐकलं नाही.

मग शेखभाई आणि मी उरलेल्या बारा कॅसेटच्या पाट्या पाहिल्या. दोन कॅसेटची सुरुवात खराब झाली होती, पाटी दिसेना. तिथे 'मागील भागात'मधली दृश्यं आदल्या भागाशी जुळवली. सगळं झाल्यावर पत्रातल्या यादीशी ताडून पाहिलं. बाईंनी पाहिलेल्या भागांत एकही चूक नव्हती, आणि त्यांच्याकडे ना स्लेट होती ना शेखभाई.

मी उत्साहानं फोन केला.

"लिमयेबाई, आपलं अगदी बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे. मी पत्र लिहिलं होतं, उत्तर पत्रानं द्या." फोन ठेवला.

मी पत्र लिहिलं. माफी मागितली, स्लेटची गोष्ट सांगितली, नवा तक्ता जोडला. पुढचे तेरा भाग मी रोज तीन वाजता स्वतः बघितले, नाना वेळच्या वेळी आणि एकदाच वारले याची खात्री केली.

शेवटचा भाग लागल्यानंतर चार दिवसांनी निळ्या शाईतलं दुसरं पत्र आलं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं.

"क्रम बरोबर होता, आभारी आहे. शेवट अगदीच टुकार निघाला. चोर कोण हे मी बाळंतिणीच्या खोलीत बसूनच ओळखलं होतं. उगीच तीस वर्षं थांबले."

तेव्हापासून आमच्याकडे स्लेट पाहिल्याशिवाय फाइलला नाव देत नाहीत. मालिका बरी की वाईट, हे मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.