तात्यांच्या फोनच्या तळाशी

समस्त आप्तेष्ट, भावकी आणि शेजारीपाजारी यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, लासुर्ण्यातल्या आमच्या घरी, भर दुपारी, एका मोबाइलच्या पोटातून जे बाहेर आलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढचे दोन दिवस माझ्या घशाखाली आमटी उतरली नाही.

मोबाइल तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांचा. त्यांनी इंदापूरला आपल्या थोरल्या बहिणीच्या जात्यावरच्या ओव्या त्यात भरून घेतल्या होत्या. पुढं थोडक्याच दिवसांत ती गेली. धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, बावड्याच्या. कानानं फार अधू. फोन कानाला लावला तरी त्यांना नुसती कुरकुर ऐकू यायची. म्हणून त्या खास आल्या होत्या. चारच्या एसटीनं परत जायचं होतं.

"आक्काचा आवाज येकदा ऐकवा रं," त्या आल्या आल्याच म्हणाल्या. "त्या मोठ्या मशिनीवर लावा."

मोठी मशीन म्हणजे दिवाणखान्यातला जुना स्टिरिओ. दोन बाजूला कपाटाएवढे स्पीकर. ब्लूटूथ वगैरे त्याच्या जन्मानंतरची थेरं. आमचे हे बारामतीहून ऑक्सची वायर घेऊन आले होते. तात्यांच्या फोनला हेडफोनचं गोल भोक नव्हतं, म्हणून बोटभर लांबीचा अडॅप्टरही आणला होता: एका टोकाला चार्जरसारखी चपटी पिन, दुसऱ्या टोकाला गोल भोक.

ह्यांनी मोठ्या रुबाबात वायर स्टिरिओच्या पुढच्या भोकात खुपसली. त्यावर हेडफोनचं चित्र होतं.

"अहो, त्यातनं आवाज बाहेर येतो," मी म्हणाले. "आपल्याला आत घालायचाय. मागं बघा."

मागं बघणं माझ्याच नशिबी आलं. पालीच्या लेंड्या, झुरळांचे पंख, आणि उंदरानं कुरतडलेली एक लग्नपत्रिका. तो सगळा ऐवज चिंधीनं पुसल्यावर ऑक्स लिहिलेलं भोक सापडलं. वायर घातली, पुढचं बटण ऑक्सवर फिरवलं. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज आला आणि ओवी मात्र फोनमधूनच कुरकुरत राहिली.

"अडॅप्टर डुप्लिकेट हाय," तात्यांनी निकाल दिला.

मी बघितलं, तर चपटी पिन फोनमध्ये अर्धीच जात होती. हात काढला की अडॅप्टर खाली.

"तात्या, चार्जिंग कसं करता?"

"वायर वाकडी धरायची, वर तांब्या ठेवायचा. हुतंय की."

एवढं बोलून तात्यांनी अडॅप्टर घेतला, पिन जिभेवर फिरवली, धोतराला पुसली आणि फोनमध्ये फुंकर मारली. फुंकर म्हणजे निम्मी थुंकीच. फोन हातात घेतला तर तोही चिकट. तेव्हा माझी नजर तात्यांच्या बंडीच्या खिशाकडं गेली. एकाच खिशात फोन, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. फोन खिशात उभा, भोक खाली. गेली दोन वर्षं!

मी फोन बंद केला. उदबत्तीची काडी ब्लेडनं तासून चपटी केली आणि जपून कोरायला लागले. आधी खाली धरलेल्या कागदावर तपकिरी भुगा आला. मग चुन्याचे पापुद्रे. मग बंडीच्या सुताचा आणि तंबाखूचा थुंकीत मळलेला एक गोळा आला, खालून हिरवट, वरून काळा, दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला. वास असा आला की हे नाकाला रुमाल लावून अंगणात गेले.

"वाया कशाला घालवतीस?" तात्या हात पुढं करून म्हणाले.

मला खरंच वाटलं की ते चेष्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मी तो कागद सरळ चुलीत टाकला.

आत्याबाईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्या एका स्पीकरला पाठ टेकून घड्याळाकडं बघत होत्या. साडेतीन झाले होते.

"न्हाय व्हत का गं?" त्यांनी विचारलं. "ऱ्हाऊ द्या मग. मी जाते."

मी फोन चालू केला, ओवी लावली आणि अडॅप्टर दाबला. या वेळी तो पार आत गेला. पडद्यावर हेडफोनचं बारकं चित्र आलं, फोनचा स्वतःचा स्पीकर गप्प झाला. फोनचा आवाज पूर्ण वाढवला, स्टिरिओचा हळूहळू. आणि भिंतीवरचं कॅलेंडर थरथरेल अशी ओवी दिवाणखान्यात घुमली. मागं जात्याची घरघर, मध्येच एक खोकला.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मान हलत होती, ओठ बहिणीबरोबर चालले होते. तात्या पहिल्यांदाच न चघळता बसले होते. पहिली ओवी संपली, पुढची सुरू झाली, आणि आत्याबाई ताडकन स्पीकरकडं वळून ओरडल्या,

"आगं आक्के, दुसरी ओवी खाल्लीस की गं!"