वणवा आणि अडकलेली झडप

वणवा वरच्या सड्यावरून, कातळाच्या माळावरून, उतरायला लागला तेव्हा घरात मी आणि माझी मोठी जाऊ, दोघीच होतो. दुपारची वेळ. पुरुषमाणसं आंब्याच्या पेट्या घेऊन पालीला गेलेली. वाळलेलं गवत तडतडत जळत होतं आणि वारा आमच्या बागेकडेच होता.

शेजारच्या वाडीतली माणसं हिरव्या फांद्या घेऊन धावली. आम्ही टाकीकडे पळालो. बागेच्या कडेला जमिनीत बांधलेली सिमेंटची टाकी, तिच्या काठावर डिझेलचा पंप. बागेच्या गडग्यालगतचं, म्हणजे दगडी कुंपणालगतचं, गवत आग पोचायच्या आत भिजवलं तरच आंब्याची कलमं वाचणार होती.

मी पंपाच्या वरच्या तोंडातून पाणी ओतायला लागले. पंप आणि टाकीत सोडलेला पाईप पाण्याने भरला नाही, तर पंप नुसता हवेतच फिरतो. एक बादली ओतली, दुसरी ओतली. पाणी तोंडापर्यंत येई आणि बघता बघता खाली जाई.

"अगो, चालू कर ना!" जाऊ ओरडली.

"पाणी ठरत नाही, ताई. पाईपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह सोडतोय. आत काहीतरी अडकलंय."

"मी उतरते टाकीत."

"नको! पाईपच वर ओढू."

पाईपाला बांधलेला दोर दोघींनी धरला. पाण्याने जड झालेला पाईप हिसके देत वर आला. टोकाच्या जाळीला कुजलेली पानं चिकटली होती आणि जाळी एका बाजूला फाटली होती. धुराने डोळे चुरचुरत होते. जाळी फिरवून काढताना माझे हात घसरत होते. शेवटी जाऊने पदर गुंडाळून ती पिळून सोडवली.

आतली झडप बोटाने उचलली. ती आणि ती जिच्यावर टेकते ती कडा, यांच्यामध्ये चिऱ्याचा एक खडा बसला होता. तेवढ्या फटीतून सगळं पाणी टाकीत परत जात होतं. खडा काढला, रबर पुसून बघितलं, शाबूत होतं. जाळी परत चढवली, पण फाटकी जाळी पुन्हा खडा ओढणार. जाऊने आंब्यांची प्लास्टिकची जाळीदार टोपली आणली, तिच्यावर कांद्याच्या गोणीचा तुकडा गुंडाळला. पाईपाचं टोक आत ठेवून घट्ट बांधलं आणि तळाच्या गाळाच्या वर लटकतं सोडलं.

पुन्हा बादली. बुडबुडे आले, थांबले. पाणी तोंडाशी तसंच उभं राहिलं. मी तोंडावर वाकून पाहत होते.

"ठरलं?"

"ठरलं."

तोंड बंद केलं, इंजिनाला हँडल मारलं. पंपाला जोडलेली लांब नळी आधी फुसफुसली, मग एकदम ताठ झाली. जाऊने तिचं तोंड गडग्याकडे धरलं.

गडग्यापलीकडची काजूची रांग जळून गेली. आग गडग्याला टेकली आणि ओल्या गवतात फसफसत बसली. जाऊ अजून नळी सोडायला तयार नव्हती. मी इंजिन बंद करून तिच्या हातातून ती काढून घेतली, तेव्हा कुठे ती कातळावर बसली आणि मोठ्याने रडली.