सरांनी ओळखलं

सर हजेरी घेत होते. सातवीचा वर्ग. प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, स्पष्ट आवाजात. सरांचा आवाज चांगला होता. कविता म्हणायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

माझा नंबर आला. सर थांबले. चष्म्यावरून बघितलं.

"केरसुणी."

वर्ग हसला. मी उठून उभी राहिले.

"हजर सर."

हे एक दिवसाचं नव्हतं. गडमुडशिंगीच्या त्या शाळेत सर आम्हाला होते तोवर मला नाव नव्हतं. आमचं घर मांगवाड्यात. आई आणि आजी दारात बसून शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायच्या. आठवड्याच्या बाजाराला डोक्यावर भारा घेऊन कोल्हापूरला चालत जायच्या. लक्ष्मीपूजनाला गावात घरोघरी तीच केरसुणी पाटावर ठेवून हळदकुंकू लावायचे. बांधणारीला मात्र पायरीखालीच उभं करायचे. पाणी ओंजळीत वरून ओतायचे.

एकदा मी उठलेच नाही. सरांनी परत हाक मारली. मी खाली मान घालून बसले. सर माझ्या बाकापाशी आले.

"ऐकू येत नाही?"

"सर, माझं नाव घ्या की."

छडी तळहातावर बसली. मग सर म्हणाले, "आज वर्ग हिच्याकडून झाडून घ्या रे. घरचंच काम आहे." पोरांनी कोपऱ्यातली केरसुणी माझ्यापुढं फेकली. ती आमच्याच घरची होती. गाठ आजीची होती, मी लगेच ओळखली.

घरी येऊन रडले. आई पानं चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, "हजर म्हण. नाव काय घिऊन बसलीस? त्यानं शाळंतनं काढलं तर हितं बसून बांधायच्याच हायत." दुसऱ्या दिवशी मी हजर म्हटलं. त्यानंतर रोज म्हटलं.

शिकले. डी.एड. झाले. आता मी कोल्हापुरात एका शाळेत शिक्षिका आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. रस्त्यात, भाजी मंडईत, बँकेच्या रांगेत माजी विद्यार्थी भेटतात. मिशा फुटलेले, कडेवर पोर घेतलेले. "बाई, ओळखलंसा का?" म्हणून पुढ्यात उभे राहतात आणि हसत बघत बसतात. मला आठवत नाही. लाज वाटते. मी पण हसते, "अरे, केवढा झालास," असलं काहीतरी बोलते आणि आत नाव शोधत राहते.

म्हणून माझ्या वर्गाला मी सांगते. जुन्या शिक्षकाला भेटाल तेव्हा परीक्षा घेऊ नका. पाठीमागून हाक मारू नका, समोर जा. त्यांची नजर वर येईपर्यंत थांबा. मग नमस्कार करा आणि लगेच आपलं नाव सांगा. गाव सांगा. कितवीला होता, कोणाशेजारी बसत होता ते सांगा. त्यांनी शिकवलेलं एखादं काही तुमच्याकडं उरलं असेल तर ते सांगा, त्यावरून माणसाला पुष्कळदा धागा सापडतो. नाहीच आठवलं तर "पोरं लई होती, चालतंय बाई" असं तुम्हीच म्हणा. म्हणजे त्यांना खोटं बोलायला लागत नाही.

विसरणं हा गुन्हा नाही. मी स्वतः विसरते. हे मी आधीच सांगते, कारण नंतर लोक म्हणाले, सरांनी ओळखलं नाही म्हणून हिला राग आला.

मंगलच्या मुलीचं लग्न होतं. मंगल माझी शाळेतली बाकमैत्रीण. गावातलं मोठं शेतकरी घर, पण ती माझ्याशेजारी बसायची आणि डब्यातलं द्यायची. लग्न उचगावजवळच्या एका मंगल कार्यालयात. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. मंगल घाईघाईनं माझ्याकडं आली.

"अगं, सर आल्यात. चल की, भेटवतो तुला."

पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर सर बसले होते. भगवा फेटा बांधलेला. फेट्याखाली चेहरा लहान झालेला. हातात काठी. आमच्या वर्गातली पोरं, म्हणजे आता कुणी दूध संस्थेचा अध्यक्ष, कुणी ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक, एकेक करून वाकत होती. सर पाठीवर थाप मारत होते.

मी जाणार नव्हते. मग वाटलं, का नाही? म्हातारा माणूस. कविता त्यांनीच शिकवली. अक्षर त्यांनीच वळवलं. आज मी फळ्यावर लिहिते ते 'क्ष' आणि 'ज्ञ' त्यांच्या वळणाचे आहेत. ते नाकारून मला खोटं वागायचं नव्हतं. आणि खरं सांगते, माझ्या मनात एक हाव होती. सरांनी मला माझ्या नावानं ओळखावं. एकदाच.

मी समोरून गेले. थांबले. सरांनी वर बघितलं. मी हात जोडले.

"नमस्कार सर." आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांचं नाव, आडनाव. "गडमुडशिंगीला तुम्ही आम्हाला सातवीला होता."

सर हसले. ते हसू मला माहीत होतं. मीच ते रोज हसते.

"हो का. बरं, बरं. काय करतेस?"

"शिक्षिका आहे सर. मंगलच्या शेजारी बसायची मी. खिडकीकडच्या ओळीत."

सरांनी मंगलकडं बघितलं. मंगल आठवत होती. शेजारची नव्हती.

"तुम्ही कित्ता गिरवून घ्यायचा. माझं अक्षर तुमच्यामुळं वळणदार झालं. आज माझ्या पोरांना मी तसंच शिकवते."

"वा, वा." सर मान हलवत होते. डोळे रिकामे.

"पोरं लई होती सर. ध्यानात नसंल तरी चालतंय," मी म्हणाले. आणि खरंच चालणार होतं. मी तिथून निघणार होते.

पण सरांनी कपाळाला आठी घातली. "आडनाव काय म्हणालीस?"

मी परत सांगितलं.

"म्हणजे घर कुठं तुमचं? वेशीच्या बाहेर?"

"हो."

सरांचा चेहरा उजळला. दिवा लागावा तसा. काठी बाजूला झाली, हात पुढं आला.

"अरे! केरसुणी!"

आजूबाजूचे हसले. शोरूमवाला मोठ्यानं हसला, "व्हय की! सर, लई ध्यान हाय की तुमचं!" मंगलसुद्धा हसली. सगळ्यांना आनंद झाला होता. सरांनी ओळखलं होतं.

आणि माझ्या तोंडात 'हजर' आलं.

हे मला सांगायला हवं. इतक्या वर्षांनी, नोकरीला लागून, स्वतःचं घर बांधून, ते जिभेवर आलं. पाय जुळले. मान खाली जायला लागली. सरांचा हात आशीर्वादासाठी तयार होता आणि माझी कंबर वाकायला निघाली होती. मला कुणी ढकलत नव्हतं. माझं अंगच त्या हाकेला शिकलं होतं.

मी मान वर केली.

"सर, ते माझं नाव नव्हं. माझं नाव आत्ता सांगितलं मी. तेवढं घ्या."

सरांचा हात हवेत राहिला.

"अगं, मी मायेनं म्हणायचो."

"मंगलला मायेनं काय म्हणायचा?"

सर मंगलकडं बघायला लागले. मंगल पायाकडं. सनईची रेकॉर्ड चालूच होती.

"मंगलला?" सर म्हणाले. "मंगलच म्हणायचो."

मग मंगलचा दीर पुढं झाला. "बाई, म्हातारं माणूस हाय. लग्नाच्या मांडवात हे काय काढलंसा? जाऊ द्या की."

"मी काढलं न्हाई पावणं. नाव सांगून नमस्कार केला. पुढचं सरांनी काढलं."

मी सरांच्या समोरच उभी होते. आवाज चढवला नाही. माझं नाव परत सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, पहिलीच्या पोराला सांगतात तसं. एवढंच हवं होतं. माफी नको होती. रडणं नको होतं. नाव.

सरांचे ओठ हलले. मला वाटलं, घेतात. पण त्यांनी काठी जवळ ओढली आणि तोंड फिरवलं.

"जेवून जा, पोरी," ते दुसरीकडं बघत म्हणाले.

मी परत हात जोडले. छातीपाशी, सरळ उभं राहून. आणि बाहेर आले. जेवले नाही. रिक्षा करून घरी आले.

आई आता माझ्याकडंच असते. बोटांची कातडी जाड, नखं वाकडी, पानं चिरून चिरून. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. हजर म्हण म्हणणारी तीच. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मग त्यानं नाव घेतलं का?"

"न्हाई."

आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मला बी शाळंत यून सांगायचं हुतं त्याला. दारापातुर आल्ते एकदा. परत गेले." हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण वळूनही बघितलं नाही.

आठवडाभरानं मंगलचा फोन आला.

"सर आजारी हायत गं. लई मनाला लावून घेतलंय त्यांनी. त्यांचा मुलगा म्हणत होता, तू एकदा जाऊन ये. माफी बिफी नको. नुसत्या पाया पड आणि ये. तुझं काय जातंय त्यात?"

"तू माझ्याशेजारी बसलेलीस, मंगल. रोज ऐकत होतीस."

"आपण ल्हान होतो गं."

"मांडवात ल्हान होतीस का?"

तिनं फोन ठेवला. ती माझी चांगली मैत्रीण होती. आता आहे की नाही, मला माहीत नाही. तिच्या डब्यातल्या भाकरीची चव अजून आठवते आणि तिचं हसूही. दोन्ही खरं आहे.

सर बरे झाले, असं नंतर ऐकलं. रंकाळ्याला फिरायला येतात म्हणे संध्याकाळी. मीही कधी कधी त्या बाजूला जाते. भेटतील.

भेटले तर मी रस्ता बदलणार नाही. समोरून जाईन. नजर वर येईपर्यंत थांबेन. नमस्कार करीन आणि नाव सांगीन. विसरले असतील तर परत सांगीन. कितीही वेळा सांगीन, त्याला माझी हरकत नाही.

पण वाकणार नाही. ती दुसरी हाक कुणीही मारावी, सरांनी, सरांच्या मुलानं, भर बाजारात चारचौघांनी. त्या हाकेला आता कुणी हजर होणार नाही.