पुष्पाकाकूचा जपानी फोन मी वाचला

वाटूर फाट्यावर माझं मोबाइलचं दुकान हाय. राजानंद म्हणलं की पंचक्रोशीत लोक म्हणतात, तो काय, कोणताबी फोन द्या, चालू करून देतो. मलाबी ते ऐकायला लई गोड वाटायचं. त्या गोडीपायी मी पुष्पाकाकूचं जे केलं, ते सांगताना आजबी मला तोंड लपवावंसं वाटतं.

पुष्पाकाकू म्हंजे रामरावकाकांची बायको. गावात आमच्या घरामागंच त्यांचं घर. पाच एकर रान काकूनं काकांच्या बरोबरीनं केलं, दोन म्हशी सांभाळल्या, एकुलत्या एक पोरीला, जान्हवीला, जालन्याला ठेवून शिकवलं. पण काकूच्या काही तऱ्हा होत्या. काकू कधी विहिरीच्या कडेला जायची न्हाई. एकादशी असो का चतुर्थी, उपास म्हणून धरायची न्हाई. कुठं जागरण-गोंधळ असला तर नऊ वाजता उठून घरी. न्हाणीघराची कडी कधी लावायची न्हाई, दारापुढं कोणाला तरी बसवायची. बाया हसायच्या, ''रामरावाची राणी भारीच नाजूक बाई!'' मीबी हसलोय, खोटं कशाला बोलू. काकू नुसती पदर सावरून कामाला लागायची.

जान्हवी लग्न होऊन जपानात गेली, नागोयाला. नवरा हरिओम तिथं कंपनीत हाय. तिला दिवस गेले, अन् बाळंतपणाला काकू तीन महिन्यांसाठी जाणार असं ठरलं. जावयानं एका ओळखीच्या माणसाबरोबर स्वतःचा जुना आयफोन काकूसाठी पाठवला. सगळा जपानीत.

एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, काकू फोन घेऊन आली.

''राजा, जान्हवी म्हणती फोनची भाषा बदलू नको. तिथं मला रस्त्यात काही झालं तर अॅम्ब्युलन्सवाल्याला माझी माहिती फोनचं कुलूप न उघडता वाचता आली पाहिजे. तेवढं बसवून दे.''

जपानी मला कुठून येणार? पण मी माझी युक्ती काढली. दुकानात एक आयफोन होता, इंग्रजीतला. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. आरोग्याचं ॲप दोन्हीकडं सारखंच, पांढऱ्यावर लाल बदाम. त्यात शिरून मेडिकल आयडी काढला अन् इकडं बोट तिसऱ्या ओळीवर तर तिकडंबी तिसऱ्या ओळीवर, असं करत गेलो. फोन जपानीत ठेवला की रक्तगट, औषधं, आजार ही नावं आपोआप जपानीत दिसतात. पण आपण आत जे लिहू ते जसंच्या तसं राहतं, म्हणून मजकूरबी जपानीतच पाहिजे होता. तो जान्हवीनं व्हॉट्सॲपवर पाठवला होता, एकेक रकान्याचा वेगळा.

''जसंच्या तसं टाक,'' काकू म्हणली. ''अन् काय लिहिलंय ते विचारू नको.''

''मला कुठं वाचता येतंय काकू?''

''म्हणून तर तुझ्याकडं आले,'' ती म्हणली. ''इथं कोणालाच वाचता येत न्हाई.''

मी मजकूर चिटकवला. संकटात कळवायला जान्हवी अन् हरिओमचे नंबर जोडले. कुलूप असतानाबी दिसावं, ते बटण चालू केलं. मंग काकूला शिकवलं. उजवीकडचं बटण अन् आवाजाचं एक बटण, दोन्ही एकाच वेळी दाबून धरायचे. पडद्यावर एसओएसची पट्टी येती, ती सरकवायची. तिथं पोलीस पाहिजे का अॅम्ब्युलन्स विचारतं, एकशे एकोणीस ते अॅम्ब्युलन्सचं. फोन संपला की पोरीला आपोआप मेसेज जातो, तुम्ही कुठं हायात ते कळतं. ''पण इथं करून बघू नका,'' म्हणलं, ''खराखुरा फोन लागतो, पोलीस येऊन उभे राहतील दारात.'' काकू हसली. तिनं फोन पदराच्या टोकानं पुसला अन् पिशवीत ठेवला.

चार दिवसांनी काकूची विहीणबाई आली, अंकुशनगरहून. दैवशालाबाई. सोबत व्याही धर्मराव. सुनेसाठी डिंकाचे लाडू, बाळासाठी कुंची-टोपडी घेऊन दोन दिवस मुक्कामाला आल्ते. शेजारपाजारचे धा-बारा माणसं बैठकीत. मलाबी चहाला बोलावलं. धर्मरावांनी फोन हातात घेऊन उलटासुलटा केला अन् म्हणले, ''का हो मास्तर, जपानी येतं का तुम्हाला? का कुठल्या पुड्यावरचं छापील काहीतरी चिटकवलंत आमच्या विहीणबाईच्या फोनात?''

सगळे खो खो हसले. माझं डोकं सटकलं. वाटूर फाट्यावरचा राजानंद, अन् ह्यानं धा लोकांत मला पुड्यावरचं म्हणावं?

''थांबा, दाखवतोच,'' म्हणलं.

कुलूप लागलेल्या पडद्यावरूनच आपत्कालीन बटण दाबलं अन् मेडिकल आयडी उघडला. खिशातून माझा फोन काढला, कॅमेऱ्यातून भाषांतर करायचं ॲप लावलं अन् त्या पडद्यावर धरला. जपानी अक्षरं हलली अन् त्याजागी मराठी आली. मी ऐटीत, मोठ्यानं वाचायला लागलो.

''रक्तगट बी पॉझिटिव्ह. बघा, बराबर हाय का? औषधाची ॲलर्जी न्हाई. आजार, अपस्मार, वयाच्या बाराव्या वर्षापासून. सूचना, झटका आल्यास कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांपेक्षा जास्त...''

तिथंच थांबायला पाहिजे होतं. त्याच्याबी आधी थांबायला पाहिजे होतं. पण मी वाचतच गेलो, कारण भाषांतर इतकं झकास येत होतं. ''जास्त वेळ चालल्यास रुग्णवाहिका बोलवा'' हेबी वाचून मी मान वर केली, शाबासकी मिळंल म्हणून.

कोणी हसत नव्हतं. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी.

''अपस्मार म्हंजे?'' मागून कोणीतरी हळूच विचारलं.

''फिट. मिरगी,'' दैवशालाबाई म्हणल्या. कुंची मांडीवरून खाली ठेवली. ''सोयरीक करताना बीपीची गोळी म्हणून सांगितल्तं आम्हाला. आता माझ्या नातवाला निघालं तर?''

काकूनं ट्रे खाली ठेवला, कोणाकडं न बघता आत गेली. रामरावकाका भिंतीकडं बघत बसले. अन् माझ्या डोळ्यापुढून विहीर गेली, उपास गेले, न्हाणीघराची कडी गेली. चाळीस वर्षं ह्या बाईनं जे सांभाळलं ते मी दोन मिनिटांत, चहा गरम असताना, वाटून टाकलं. अन् कशापायी? तर मला कोणी पुड्यावरचं म्हणलं म्हणून. मी चप्पल घालून तसाच निघालो, कोणी थांबबी म्हणलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तर रामरावकाका दारात. फोन काउंटरवर ठेवला.

''ती म्हणती सगळं पुसून टाक. न्हाईतर फोन नेणार न्हाई.''

''काका, पण तिथं रस्त्यात काही झालं तर? तोंडात कोणी काही कोंबलं तर?''

''मला काय सांगतोस? मला म्हाईत न्हाई का? बारा वेळा माझ्या मांडीवर आली ती शुद्धीवर.'' काकांनी फोन माझ्याकडं सरकवला. ''पूस म्हणलं ना.''

मी कोणत्या तोंडानं न्हाई म्हणणार होतो? पुसलं. आजार पुसला, गोळ्या पुसल्या, सूचना पुसली. रक्तगट तेवढा राहिला. काका फोन घेऊन गेले. दिवसभर मी गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसलो. जायला चार दिवस राहिल्ते, अन् काकू त्या परक्या मुलखात नुसता रक्तगट घेऊन जाणार होती.

संध्याकाळी मी दुकान बंद केलं अन् काकूच्या घरी गेलो, मागच्या दारानं. काकू सैपाकघरात भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात बसलो.

''काकू, माझं चुकलं. मला माफ करा. पण ते परत टाकू द्या, पाया पडतो.''

काकूनं भाकरी उलटली.

''राजा, वाचलंस बैठकीत. अन् माफी मागायला सैपाकघरात आलास होय?''

कानशिलात बसली असती तर बरं झालं असतं. मी उठलो. बैठकीत काका, व्याही, विहीणबाई बसल्ते, शेजारच्या दोन बायाबी होत्या.

''काल मी वाचलं ते माझं नव्हतं,'' मी म्हणलो. ''काकूनं विश्वासानं दिल्तं. मला मिरवायचं होतं म्हणून मी वाचलं. मला लाज वाटून राह्यली.''

''तू कशाला लाजतोस?'' दैवशालाबाई कडाडल्या. ''लपवलं त्यांनी!''

''लपवलं असंल. पण सांगायचं का न्हाई, कवा सांगायचं, हे त्यांचं होतं. ते मी हिसकावून घेतलं.''

मी मान खाली घालून उभा राहिलो. धर्मराव उगंच घसा खाकरले. मंग आतून काकू आली, हाताला पीठ तसंच. तिनं काकांकडून फोन घेतला अन् माझ्यापुढं धरला.

''टाक परत. जान्हवीचे मेसेज हायतच त्यात. अन् ह्या खेपेला वाचू नको.''

मी कोपऱ्यात बसलो. एक मेसेज दोनदा चिटकवला अन् परत काढला. काकू विहीणबाईच्या समोर, पाटावर न बसता, खालीच बसली.

''बारा वर्षाची होते मी,'' ती म्हणली. ''शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत पहिल्यांदा पडले. पोरींनी नाकाला चप्पल लावली. आईनं शाळा सोडवली अन् सांगितलं, कोणाला म्हणून बोलायचं न्हाई. मी आजवर बोलले न्हाई. आता तुम्हाला मीच सांगते.''

दैवशालाबाई उठून गेल्या न्हाईत. काकू एकेक करत सांगत राहिली, गोळ्या, डॉक्टर, जान्हवी पोटात असतानाची भीती. माझं चिटकवून कवाच झाल्तं. पण फोन द्यायला वर बघायची माझी हिंमत झाली न्हाई.