मिस्त्रींनी हळू केलेलं दार

आमच्या वॉर्डात नोकरीला लागलेल्या माणसाला पहिली गोष्ट शिकवली जाते ती म्हणजे दार. विसराळू म्हाताऱ्यांचा वॉर्ड आहे हा. दाराला खटक्याचं कुलूप आहे आणि दोन्ही बाजूंच्या बटणांवर ठरलेले आकडे दाबल्याशिवाय ते उघडत नाही. पण दार चौकटीला टेकून खटका पडला, तरच ते कुलूप. नाहीतर नुसती फळी. इथे मी इतकी वर्षं सिस्टर आहे, तरी अजून झोपेतसुद्धा त्या खटक्याकडे माझा कान असतो.

हे दार ज्यांच्या हातात होतं ते आमचे मिस्त्री. नळ, पंखे, खाटांची चाकं, सगळं तेच बघायचे. माणूस कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूष. तुम्ही दहा वाक्यं बोला, ते एक "बघतो" म्हणणार आणि निघून जाणार. मला अशा माणसांचा राग येतो. पण त्यांनी "बघतो" म्हटलेली गोष्ट न बघितल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे रागाचंही फार काही करता यायचं नाही.

गेल्या वर्षी त्यांची बायको आमच्याच वॉर्डात आली. काकू घरी गॅस तसाच सोडून द्यायच्या, रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या. मुलंबाळं नाहीत. मिस्त्री दिवसभर कामावर. करणार काय? आपणच सांभाळलेल्या दाराच्या आत त्यांनी स्वतःच्या माणसाला आणून ठेवलं. मी सुरुवातीला चेष्टेने म्हणायचे, "या मिस्त्री, आलात सासरी?" ते हसायचे नाहीत. मग मीही सोडून दिलं.

त्या वेळी दार धाडकन आपटायचं. दाराच्या वरच्या अंगाला डोअर क्लोजर असतो, लांबोळा डबा आणि त्याला एक हात. आतली स्प्रिंग दार ओढते आणि आतलं तेल तिला आवरून धरतं. आमच्या एका हुशार वॉर्डबॉयने आवाज कमी करायला म्हणून त्याचे स्क्रू पिळून पिळून पार बाहेर काढले होते, आणि तेल दारावरून ओघळून खाली आलं होतं. प्रत्येक आवाजाला काकू कान झाकून खाटेच्या कोपऱ्यात जायच्या. मिस्त्रींनी येऊन तेलाच्या ओघळावर बोट फिरवलं.

"तेलच नाही, आता स्क्रू फिरवून काय होणार?" ते म्हणाले आणि दोन दिवसांत नवा क्लोजर बसवला.

त्याचे दोन स्क्रू त्यांनी मला मुद्दाम दाखवले, म्हणजे पुन्हा कोणी हात लावला तर मी त्याचा हात धरावा. एक स्क्रू दाराची जवळजवळ सगळी चाल ठरवतो. दुसरा फक्त शेवटच्या वीतभर अंतराची, खटका पडण्याआधीची. आत पिळला की दार हळू, बाहेर सोडला की जलद. तेही अगदी किंचित फिरवायचं, दार सोडून बघायचं, मग पुन्हा किंचित. नव्या क्लोजरवर दार असं छान लागायचं की काकूंचे हात कानावर जायचे बंद झाले.

मग थंडी सुरू झाली. एका संध्याकाळी फाटकावरच्या वॉचमनचा फोन आला. तुमच्याकडच्या एक बाई अनवाणी बसस्टॉपवर उभ्या आहेत आणि येणाऱ्या जाणाऱ्याला घरचा रस्ता विचारतायत. मी धावत दारापाशी गेले. दार लागलेलं दिसत होतं, पण चौकटीपासून बोटभर अलीकडे थांबलेलं. मी बोटाने ओढलं तर उघडलं.

काकू सुखरूप परत आल्या, एवढंच नशीब. पण वॉर्डच्या इनचार्ज मॅडमनी मिस्त्रींना बोलावून माझ्यासमोर सांगितलं, "पुन्हा असं झालं तर त्यांना इथे ठेवता येणार नाही. मला बाकीच्यांचीही जबाबदारी आहे." त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला. इथून निघाल्या तर काकू जाणार कुठे? घरी, गॅसपाशी.

मिस्त्री शिडी घेऊन आले. मी शिडी धरायला उभी राहिले, खरं तर भांडायला. नवाकोरा क्लोजर, मग दार अडतंच कसं?

त्यांनी आधी बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा बंद करायला लावला. दार सोडलं. हळूहळू, अगदी रेंगाळत आलं, आणि शेवटी खटका पडला. मग पंखा लावून पुन्हा सोडलं. आता ते बोटभर अलीकडे येऊन थबकलं. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. पंखा आतली हवा बाहेर फेकत होता, आणि तिच्या जागी बाहेरच्या पॅसेजची हवा दारातून आत घुसत होती. आमचं दार आत उघडतं. तेव्हा ती हवा दाराला आतच रेटून धरत होती. दाराला तिच्याशी झगडायला शेवटी जोरच उरत नव्हता.

"पण हे इतकं हळू कधीपासून?" मी विचारलं. "परवापर्यंत असं नव्हतं."

त्यांचा स्क्रूवर हात होता.

"मी केलं," ते म्हणाले. "संध्याकाळी मी निघालो की ती दारापर्यंत येते. मी बाहेर पडून वळेपर्यंत दार लागून जायचं, तिच्या तोंडावर. थोडं हळू केलं. मग हात हलवता यायचा. मग आणखी थोडं केलं."

"दोन्ही स्क्रू?"

"दोन्ही. खिडक्या उघड्या होत्या तेव्हा लागत होतं. मी बघितलं होतं."

मी चिडले. चिडायलाच हवं होतं. "मिस्त्री, तुम्हाला हात हलवायला मिळावा म्हणून त्या बसखाली गेल्या असत्या!" हे मी मोठ्याने बोलले. ते मान खाली घालून म्हणाले, "हो."

मग त्यांनी पहिला स्क्रू थोडा सोडला, दार पूर्वीच्या चालीवर आणलं. दुसरा अगदी केसभर सोडला. पंखा चालू, खिडक्या बंद, दार सोडलं. अडलं. आणखी केसभर. खटका पडला, पण आपटल्यासारखा. काकूंचे हात कानाकडे गेले. पुन्हा थोडं आत. आता दार शेवटी अंग झटकल्यासारखं चौकटीत शिरलं आणि खटका पडला, आवाज न करता. त्यांनी दार अर्धं उघडून सोडलं, पूर्ण उघडून सोडलं, वीतभर उघडून सोडलं. दर वेळी लागलं. मी मोजलं नाही, पण माझे हात शिडी धरून दुखायला लागले तरी ते थांबेनात. दारात काहीच खोट उरली नव्हती, तरी ते शिडीवरून उतरत नव्हते.

शेवटी उतरले. काकू जवळ येऊन उभ्या होत्या. त्यांनी दाराला हात लावून बघितलं, ओढलं, पुन्हा ओढलं. मग मिस्त्रींकडे वळल्या. त्या दिवशी काकूंनी त्यांना ओळखलं नव्हतं. अनोळखी माणसाशी बोलावं तसं हलक्या आवाजात, माझं लक्ष नाही असं बघून, त्या म्हणाल्या, "तुम्हालाही घरी सोडत नाहीत का हो?"

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

"मग बसा इथे," काकू म्हणाल्या आणि स्वतःच्या खाटेवर त्यांच्यासाठी जागा केली.

मिस्त्रींची ड्यूटी संपली होती. आकडे त्यांना पाठ होते. ते बसले.