सुट्टी हप्त्याला, व्याजाला नाही

मला आयुष्यात आलेलं सगळ्यात लांब पत्र बँकेचं. चांगलं सात पानी होतं. प्रेमाचं एकही पत्र कधी आलं नाही, आणि याच्या मात्र प्रत्येक पानावर मला सही करायची होती.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. डोंबिवलीतल्या शाळेत गणित शिकवायचे आणि भावाच्या दोन खोल्यांच्या घरात राहायचे. दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं, आई आणि मी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या घरात मला कोणी टाकून बोललं नाही, हे आधी सांगते. फक्त सगळ्यांचा टीव्ही बघून झाल्याशिवाय माझी गादी पडायची नाही, आणि माझी पुस्तकं वहिनीच्या डाळ-तांदळाच्या डब्यांमागे असायची. लग्न न झालेल्या नणंदेला घरात जेवढी जागा असते तेवढी मला होती. ती पुरेनाशी झाली तेव्हा मी ठाण्याला माजिवड्यात एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट बघितला. इमारतीचा अजून पायाच भरत होता.

एकटीसाठी मी घर घेतलंच नसतं. आई माझ्याबरोबर येईल असं मी धरून चालले होते. मेथी निवडताना मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "घे की. चांगलंच आहे. पण डोक्यावर कर्ज असेतो मी तिथे राहायला यायची नाही. फिटलं की सांग, त्या दिवशी येते."

तिच्या म्हणण्याला कारण होतं. पन्नासच्या दशकात ती लग्न होऊन कल्याणला आली, तेव्हा बाबा एका मित्राला जामीन राहिले होते. मित्र पळाला. मग दर पगाराच्या दिवशी सावकाराचा माणूस ओट्यावर येऊन बसायचा आणि नव्या सुनेने त्याला चहा करून द्यायचा. "माझ्या हातचा चहा पिऊन आमचाच पगार घेऊन जायचा," असं ती म्हणायची. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, म्हणून वाद घातला नाही. पंधरा वर्षांची मुदत होती आणि आई अडुसष्टची. मनातल्या मनात बेरीज केली आणि मुदतीच्या आधी फेडायचं असं तिथेच ठरवलं.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा बँकेत एकटीच गेले. कर्जाच्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक साहेब होते. चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारे. "सोबत कोणी नाही?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग सावकाश वाचू. दोघं आले की एक जण वाचतो आणि दुसरा घड्याळ बघतो."

त्यांनी पेन्सिलीने तीन शब्दांखाली रेघा मारल्या. पहिला मोरेटोरियम. घराचा ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, असं त्यात लिहिलं होतं. मला बरं वाटलं. वीसेक महिने तरी मोकळे.

"बाई, सुट्टी हप्त्याला आहे, व्याजाला नाही," साहेब म्हणाले. "बिल्डरला आम्ही जसजसे पैसे देऊ, तेवढ्यावर व्याज लागत राहणार. ते दर महिन्याला भरा. नाही भरलंत तर मुद्दलात जाऊन बसेल आणि मग त्यावरही व्याज."

"चक्रवाढ," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आठवीला शिकवते."

दुसरा शब्द फ्लोटिंग रेट. आज साडेसात टक्के आहे, बाजारात दर चढले की हा चढणार, उतरले की उतरणार. कायमचा ठरलेला दरही मिळतो, पण तो आजच महाग. मी महाग नको म्हटलं. मग त्यांनी त्याच कलमाच्या शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. दर बदलला तर बँक हप्ता बदलेल किंवा मुदत बदलेल, असं तिथे होतं. "हे लक्षात ठेवा," ते म्हणाले. मी मान डोलावली. वर्गातली मुलंही अशीच डोलावतात, आणि त्यांना काहीही कळलेलं नसतं हे मला चांगलं माहीत आहे.

तिसरा शब्द फोरक्लोजर. तो वाचून मी घाबरले होते, कारण वर्तमानपत्रात तो घरावर टाच आली की भेटायचा. साहेबांनी समजावलं. हप्ते थकले तर घर विकून वसुली करायचा बँकेचा हक्क वेगळ्या कलमात होता. या कलमातला शब्द माझ्या बाजूचा होता. मुदतीआधी उरलेलं सगळं एकदम भरून खातं बंद करणं. दुसऱ्या बँकेकडून कर्ज घेऊन फेडलं तर दोन टक्के आकार, स्वतःच्या पैशांनी फेडलं तर काही नाही. "असं फेडणारी माणसं कमी असतात," ते म्हणाले. मी त्या शब्दाभोवती पेनने गोल केला. त्या सात पानांत मला आवडलेला तो एकच शब्द.

मोरेटोरियमचं व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं. ताबा मिळाला, हप्ता सुरू झाला. साडेसात हजारांपेक्षा थोडा कमी. मी माजिवड्याला राहायला गेले. आईसाठी खिडकीपाशी दिवाण घेतला. वास्तुशांतीला ती आली, प्रसाद घेतला आणि संध्याकाळी दादाबरोबर परत गेली. जाताना दिवाणावर हात फिरवून म्हणाली, "राहू दे. येईन."

एकटं राहायला मी शिकले असं म्हणता येणार नाही. सवय झाली. सकाळी डोंबिवलीला जायचं, संध्याकाळी परत यायचं, कुलूप उघडायचं. सुरुवातीला कुलूप उघडताना मी मोठ्याने "आले गं" म्हणायचे. मग शेजारच्यांनी एकदा दार उघडून बघितलं, तेव्हापासून मनात म्हणू लागले.

पुढच्या वर्षांत व्याजदर वाढल्याच्या बातम्या यायच्या. शिक्षकांच्या खोलीत सगळे हळहळायचे. मी तोऱ्यात सांगायचे, "माझा हप्ता एक रुपयानेही वाढला नाही." वर्षातून एकदा प्राप्तिकरासाठी बँकेकडून व्याजाचा दाखला आणायचे. त्यात वर्षभरात किती व्याजात गेलं आणि किती मुद्दलात, दोन्ही लिहिलेलं असतं. व्याजाचा आकडा दरसाल फुगत होता. शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कबाई म्हणाल्या, "वा बाई, यंदा सूट चांगली मिळणार." मला आनंद झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. चक्रवाढ शिकवणारी बाई व्याज वाढलं म्हणून खूश होती.

तिसऱ्या वर्षी दाखला घ्यायला गेले तर तेच साहेब होते. ते निवृत्त व्हायच्या बेतात होते, टेबल आवरत होते. त्यांनी दाखला माझ्या हातात दिला, पण कागद सोडला नाही. "बाई, मुद्दलाचा आकडा बघितलात?"

मी बघितला. दर अकरावर गेला होता. हप्ता तोच होता, पण त्यातले जेमतेम हजार रुपये मुद्दलात जात होते. बाकी सगळं व्याज.

"हप्ता वाढला नाही, कारण मुदत वाढली," ते म्हणाले. "तुम्ही काही कळवलं नाहीत की आमच्याकडे आपोआप तसंच होतं. बारा वर्षं उरली होती, आता साडेअठरा."

साडेअठरा वर्षांनी मी पासष्ट पार केलेली असणार होते आणि निवृत्त होऊनही वर्षं लोटलेली. पण मला ते सुचलंच नाही. मी आईचं वय मोजलं. ते नव्वदीच्या पुढे जात होतं.

"काय करता येईल?"

"हप्ता चौदाशेने वाढवा, मुदत परत बारावर येईल. आणि मधेमधे जमेल तशी रक्कम भरत जा. ती थेट मुद्दलातून वजा होते. भरताना लिहून द्या, मुदत कमी करा म्हणून. नाहीतर हप्ता कमी करून देतील." मग त्यांनी कागद सोडला. "घाई आहे का?"

"आई यायची आहे," मी म्हटलं. अनोळखी माणसापुढे डोळे भरून आले याची मला लाज वाटली. त्यांनी कपाळावरचा चष्मा शोधायला घेतला, म्हणजे मला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

त्यानंतर मी हप्ता वाढवून घेतला आणि शिकवण्या धरल्या. दहावीची मुलं आईच्या दिवाणावर बसून बीजगणित सोडवायची. दिवाळीला साडी बंद, मे महिन्यातलं कोकण बंद. थोडे पैसे साठले की बँक. दादाच्या घरी गेले की आई विचारायची, "किती राहिलं गं?" मी आकडा सांगायचे. ती म्हणायची, "होईल, होईल. जिवाला जप." मला वाटायचं ती माझ्यासारखीच दिवस मोजते आहे. त्या वर्षांत मला तेवढाच आधार होता.

शेवटी वेतन आयोगाची थकबाकी हातात आली. ती आणि भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम मिळून उरलेलं कर्ज भागत होतं. मी खातं बंद करायचा अर्ज केला. बँकेने कोणत्या तारखेपर्यंत किती भरायचं आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज किती, याचा कागद दिला. भरले. काही दिवसांनी घराचा मूळ करार, हप्त्यांसाठी आधीच सह्या करून दिलेल्या चेकांपैकी उरलेले आणि येणं काही नाही असा दाखला एका पाकिटात मिळाला. टेबलावर आता एक तरुण मुलगी होती. "अभिनंदन मॅडम," म्हणाली आणि पुढच्याला बोलावलं.

तशीच डोंबिवलीला गेले. दाखला आईला वाचून दाखवला. तिने दाखल्याची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "शब्द दिलाय. चल." पिशवीत तीन लुगडी आणि जपमाळ घेतली.

ती चार दिवस राहिली. मी रजा काढली होती. रोज तिच्या आवडीचं केलं, पुरणपोळीसुद्धा. ती खिडकीपाशी बसून खालचा रस्ता बघायची. तिथे तिला हाक मारणारं कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "मला दादाकडे कधी सोडतेस?"

"आई, कर्ज फिटलंय गं आता."

"हो ना, फिटलं." तिने कप खाली ठेवला. "मला वाटलेलं, ते फिटायच्या आत मी जाईन."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुला नाही म्हणवत नव्हतं," ती म्हणाली. "तिथे मुलं आहेत, चाळीस वर्षांचा शेजार आहे. आणि तू एकटी चाललेलीस. तोंडावर नाही कसं म्हणू? म्हणून ते कर्जाचं बोलले. पंधरा वर्षं म्हणजे पुष्कळ वाटली गं. तू एवढी ऊर फुटेस्तोवर धावशील हे कुठे माहीत होतं?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. तिचा, दादाचा, त्या पुरणपोळीचा. मग तिने माझा हात धरला, आणि राग धरून ठेवणं मला जमलं नाही.

संध्याकाळी तिला सोडून आले. दिवाणावर तिची जपमाळ राहिली होती. ती उशीखाली ठेवली आणि मूळ करार कपाटात. नऊ वर्षांत पहिल्यांदा बँकेचं काही देणं नव्हतं, आणि कुणासाठी घाई करायची तेही उरलं नव्हतं.